कमी मिठाचं मिरची-लसूण लोणचं : प्रकल्प नोंदी, सोलापूर

२ एप्रिल

जुळे सोलापुरातल्या लोणची करणाऱ्या गटाची मागणी साधी आहे. गिऱ्हाईक म्हणतं, रक्तदाब आहे, मीठ कमी टाका. हिरवी मिरची, लसूण, लिंबू आणि मोहरीची डाळ असं त्यांचं लोणचं आहे. जुन्या मापात एक किलो मिरचीला २०० ग्रॅम मीठ पडायचं, आता ते ६० ग्रॅमच्या आसपास आणायचं आहे. मीठ किती खाली आणता येईल आणि त्या जागी दुसरं काय उभं करावं लागेल, एवढंच या नोंदींत बघायचं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट असू दे. कैरीच्या लोणच्याचा अनुभव इथे लावता येत नाही. कैरी मुळातच आंबट असते. पीएच हा आंबटपणाचा आकडा, तो जितका कमी तितकी वस्तू जास्त आंबट. कैरीचा पीएच ३ च्या जवळपास असतो. त्यामुळे मिठात थोडं कमी-जास्त झालं तरी ते लोणचं सांभाळलं जातं. हिरव्या मिरचीचा पीएच ५ ते ६ च्या दरम्यान असतो आणि लसणाचा ६ च्या आसपास. या दोघांत स्वतःचं संरक्षण जवळजवळ नाहीच. त्यात लसूण मातीतून येतो. मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात आणि लसूण कितीही धुतला तरी ते पूर्ण जात नाहीत. वर तेलाचा थर दिला की आत हवा पोहोचत नाही आणि या जिवाणूला नेमकं हेच हवं असतं. बुरशी येऊ नये म्हणून घातलेलं तेल त्याच्यासाठी सोयीचं ठरतं.

३ एप्रिल

आज फक्त हिशेब केला. गटाच्या वहीत मिठाची टक्केवारी लोणच्याच्या एकूण वजनावर काढलेली आहे. जिवाणूंच्या दृष्टीने त्या आकड्याला अर्थ नाही. मीठ तेलात विरघळत नाही आणि जिवाणू वाढतात ते पाण्यात. म्हणून मीठ मोजायचं ते लोणच्यातल्या पाण्याच्या तुलनेत:

मीठ टक्के = मीठ ÷ (मीठ + पाणी) × १००

एका घाण्याचं माप असं धरलं: मिरची १००० ग्रॅम, सोललेला लसूण २०० ग्रॅम, लिंबाचा रस २५० ग्रॅम, मोहरीची डाळ ६० ग्रॅम, तेल २३० ग्रॅम. मिरचीत साधारण ८७ टक्के पाणी, म्हणजे ८७० ग्रॅम. लसणातून सुमारे १२५ आणि रसातून २२५ ग्रॅम. एकूण पाणी १२२० ग्रॅम.

६४ ग्रॅम मीठ घातलं तर पाण्यातलं मीठ ५ टक्के होतं. १० टक्के गाठायला १३६ ग्रॅम लागतं. जुन्या २०० ग्रॅमला ते १४ टक्के होतं. वहीतल्या पद्धतीने १३६ ग्रॅमचा आकडा फक्त ७ टक्क्यांच्या थोडा वर दिसतो, म्हणजे वहीवर विसंबून गट स्वतःचं लोणचं आहे त्यापेक्षा कमी खारट समजत होता. तेल वाढवलं की वहीतला आकडा आणखी खाली येतो, पाण्यातलं मीठ मात्र तेवढंच राहतं.

मीठ काम कसं करतं तेही इथेच लिहून ठेवतो. मिठामुळे जिवाणूच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि भोवतीचं पाणी त्याला वापरता येत नाही. मीठ जिवाणूंना मारतंच असं नाही, बहुतेकांची वाढ रोखून धरतं. घरगुती पदार्थांत ज्याची जास्त धास्ती असते त्या जातीच्या बॉट्युलिनमची वाढ पाण्यात सुमारे १० टक्के मीठ असलं की थांबते. पीएच ४.६ च्या खाली गेला किंवा तापमान १० अंशांच्या खाली ठेवलं तरीही थांबते. या तिन्हींपैकी एक अट पुरी झाली तरी तो वाढत नाही. जुन्या लोणच्यात मिठाची अट सहज पुरी होत होती. आता तीच काढून घ्यायची आहे.

मोहरी, हळद आणि हिंग यांचाही जिवाणूंवर काही परिणाम होतो, पण तो प्रत्येक मालागणिक बदलतो. सुरक्षिततेच्या हिशेबात यांचा आधार धरलेला नाही.

५ एप्रिल

लक्ष्मी मंडईतून मिरची आणि लसूण. मिरची धुऊन सुती कापडावर पूर्ण कोरडी केली, डेख काढून एक सेंटिमीटरचे तुकडे केले. लसणाच्या पाकळ्या अख्ख्या ठेवल्या, कारण गटाच्या लोणच्यात त्या अख्ख्याच असतात.

चार बरण्या:

क – मीठ ५ टक्के, लिंबू नाही, वर तेल, फळीवर.
ख – मीठ ५ टक्के, लिंबू आहे, वर तेल, फळीवर.
ग – मीठ १० टक्के, लिंबू आहे, वर तेल, फळीवर.
घ – हुबेहूब ‘क’सारखी, पण फ्रिजमध्ये.

‘क’ आणि ‘घ’मध्ये रसाचं पाणी नाही, म्हणून तिथे ५ टक्क्यांसाठी ६४ नाही, ५२ ग्रॅम मीठ घातलं. याशिवाय ‘ख’च्याच मापाची एक छोटी बरणी अख्ख्या, न चिरलेल्या मिरच्यांची भरली.

फळीवरचं तापमान दुपारी ३९ अंश, रात्री २८. ‘क’ आणि ‘घ’वर लाल पट्टी लावली. या दोन्ही चाखायच्या नाहीत, बोट बुडवूनसुद्धा नाही. बॉट्युलिनमचं विष असलं तरी वासात, रंगात, चवीत फरक पडेलच असं नाही, आणि मात्रा अगदी थोडी पुरते.

६ एप्रिल

चोवीस तासांनंतरचे पीएच. मोजण्याची पद्धत नीट लिहितो, कारण या कामात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

मीटर आधी ४.०० आणि ७.०० च्या द्रावणांवर लावून घ्यायचा. बरणीतला सुटलेला रस आणि फोडी वेगवेगळ्या मोजायच्या. फोड काढून पटकन पाण्याखाली धरायची, टिपून घ्यायची, मग मिक्सरमध्ये वाटायची. घट्ट लगदा झाला तर १०० ग्रॅमला १० ते २० मिलिलिटर शुद्ध पाणी चालतं. तेल वर येऊ द्यायचं आणि काढून टाकायचं. मीटरच्या काचेवर तेलाचा थर बसला की आकडा सरकत राहतो, स्थिर होत नाही. अशा वेळी भांड्याच्या साबणाच्या सौम्य पाण्याने काच धुऊन पुन्हा ४.०० वर तपासायची. नमुना २५ अंशांच्या आसपास आणूनच मोजायचा.

‘ख’ बरणीचा रस ३.० दाखवतो. एवढ्यावर थांबलो असतो तर लोणचं सुरक्षित ठरलं असतं. पण त्याच बरणीतल्या मिरचीच्या तुकड्यांचा लगदा ३.९ आहे, लसणाच्या अख्ख्या पाकळीचा ४.९ आणि न चिरलेल्या मिरचीच्या आतल्या गाभ्याचा ५.२. एकाच मापाच्या लोणच्यात दोन पूर्णांकांहून जास्त फरक आहे. पीएचच्या मोजपट्टीवर एक पूर्णांक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. मिरचीच्या सालीवर मेणचट आवरण असतं आणि रस मुख्यतः डेखाच्या बाजूने किंवा चिरेतूनच आत शिरतो. लसणाची पाकळी तर सगळीकडून घट्ट.

म्हणजे रस आंबट झाला तरी फोड आंबट झालेली नसते. जिवाणू तग धरणार तो सगळ्यात जाड फोडीच्या मध्यभागी, आणि मोजायचंही तिथेच. मिठाचंही तसंच आहे. ५ किंवा १० टक्के हा आकडा सगळं मुरल्यानंतरचा आहे. पहिल्या दिवशी पाकळीच्या पोटात मीठ त्याहून बरंच कमी असतं.

८ एप्रिल

‘क’मध्ये बुडबुडे. झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज, तेलाच्या थराखाली रस गढूळ. लगद्याचा पीएच ५.६ वरून ५.०.

हे लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंचं काम. मिरची-लसणातली साखर खाऊन ते आम्ल तयार करतात, काही जाती बरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतात. नुसत्या मिठात आंबवलेली लोणची याच जिवाणूंवर उभी असतात. ५ टक्के मीठ त्यांना चालतं, घाण वास आणणाऱ्या बऱ्याच इतर जिवाणूंना चालत नाही. मीठ इथे निवड करतं, कोणाला पुढे जाऊ द्यायचं ते ठरवतं.

अडचण वेळेची आहे. आम्ल तयार व्हायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस बरणी ५ च्या वर, ३९ अंशांच्या उकाड्यात, बिनहवेची, कमी मिठाची अशी राहते. बॉट्युलिनमला याहून चांगली जागा मिळणार नाही.

१० एप्रिल

सकाळी फ्रिजमधली तापमापकं बघितली. मागच्या भिंतीजवळ ४ अंश, दाराच्या कप्प्यात ९. काल दुपारी वीज गेली होती आणि दार मध्ये उघडलं गेलं होतं. दाराच्या कप्प्यातल्या मापकावर सगळ्यात जास्त आकडा १४ उमटला आहे. फ्रिज बंद ठेवला तर साधारण चार तास गारवा टिकतो. दार उघडलं की हा हिशेब संपतो. ‘घ’ मागच्या भिंतीला लावली.

१४ एप्रिल

आजचे आकडे महत्त्वाचे आहेत.

‘क’चा लगदा ४.१ झाला. बुडबुडे कमी झालेत, वास आंबूस आणि बरा आहे. आज कुणी फक्त पीएच बघितला तर ही बरणी पास होईल. तरीही ती फेकायची. आम्ल आलं की बॉट्युलिनमची वाढ थांबते, पण आधीच्या दिवसांत विष झालं असेल तर ते आम्लाने जात नाही. आजचा आकडा मागच्या आठवड्याबद्दल काही सांगत नाही. लाल पट्टीची बरणी टाकताना ती झाकणासकट मोठ्या पातेल्यात आडवी ठेवली, वर पाणी येईल एवढं भरलं, अर्धा तास उकळली आणि मग टाकली. हे विष उकळण्याने नष्ट होतं. बीजाणू मात्र त्याने मरत नाहीत. त्यांना दाबाखालची १२१ अंशांची उष्णता लागते. म्हणूनच गरम फोडणीत लसूण परतून घेतल्याने प्रश्न सुटत नाही. तेल १७० अंशांवर असलं तरी ओल्या पाकळीचा गाभा १०० च्या पुढे जात नाही. बीजाणू टिकतात आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जिवाणू तेवढे मरतात.

‘घ’चा पीएच अजून ५.५, जवळजवळ जिथे होता तिथेच. दिसायला सगळ्यात ताजी बरणी हीच. हिरवा रंग तसाच, बुडबुडा नाही. गटातल्या मावशींनी लगेच विचारलं, मग सरळ फ्रिजमध्येच ठेवायचं ना? पण गारव्यात वाईट जिवाणू जसे मंदावतात, तसे आंबवणारेही मंदावतात. आंबट होण्याचं कामच थांबलं आहे. या बरणीला आज फक्त फ्रिजचा आधार आहे. वीज गेली किंवा गिऱ्हाइकाने ती दोन दिवस ओट्यावर ठेवली की ती पुन्हा ‘क’च्या पहिल्या दिवसावर येते. शिवाय लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या तापमानातही वाढतो, आणि ५ टक्के मीठ त्याला अडवत नाही. आंबटपणा आत पोहोचलेल्या लोणच्याला फ्रिज चांगला. आंबटपणा नसलेल्या लोणच्याला तो फक्त मुदत वाढवून देतो.

‘ख’: मिरची ३.७, लसणाची पाकळी ४.२. ‘ग’: मिरची ३.७, पाकळी ४.३. दोन्हीकडे लसूणच मागे आहे.

१५ एप्रिल

सीमा कुठे ठेवायची यावर आज बराच वेळ गेला. ४.६ ही बॉट्युलिनमची सीमा, पण या लोणच्यात दुसराही पाहुणा आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस माणसाच्या नाकात, हातावर, पिकलेल्या जखमेत असतो आणि चिरताना, कालवताना लोणच्यात उतरतो. त्याला मिठाची फारशी भीती नाही. बाकीच्यांना रोखणाऱ्या १० टक्के मिठातही तो वाढतो, उलट स्पर्धा कमी झाल्याने त्याचं फावतं. त्याचं विष उकळूनही जात नाही. त्याला अडवायला पीएच ४.० पर्यंत खाली न्यावा लागतो. म्हणून या प्रकल्पाची सीमा अशी ठरवली: सगळ्यात जाड फोडीच्या गाभ्यात, तेल घालण्याआधी, ४.० किंवा त्याखाली.

हाताला कापलेलं, गळू किंवा नखुरडं असेल त्या दिवशी ती व्यक्ती चिरण्या-कालवण्यात नसेल. हातमोजा असला तरी नाही.

२१ एप्रिल

‘ख’मध्ये एका बाजूला तेल खाली बसून मिरचीचे दोन तुकडे उघडे पडले होते. तिथे पांढरा कापसासारखा ठिपका. शेजारी रसावर पातळ पांढुरकी साय, ती यीस्टची. दोन्हींना हवा लागते आणि दोन्हींना ३.७ चा आंबटपणा खपतो.

वरची बुरशी चमच्याने काढायची आणि खालचं वापरायचं, ही सवय बऱ्याच घरांत आहे. यात धोका असा की बुरशी आम्लच खाते. ठिपक्याखालच्या तुकड्याचा पीएच मोजला तर ४.४ आला, बरणीच्या तळाशी ३.७. बुरशी वाढत राहिली तर तिच्याखाली आम्ल कमी झालेला थर तयार होतो आणि ज्याला आपण बाहेर ठेवलं होतं त्याला दार उघडं होतं. ‘ख’ पूर्ण टाकली.

२४ एप्रिल

नवी कृती. बदल तीन आहेत.

पहिला, लसूण आधीच वेगळा आंबट करायचा. पाकळ्यांचे सहा मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे. २०० ग्रॅम लसणाला ६०० ग्रॅम द्रावण: १८ ग्रॅम खाण्याचं सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, आणि ५८२ ग्रॅम पाणी. वरती बशी ठेवून तुकडे पूर्ण बुडवायचे, किमान चोवीस तास ठेवायचे, मग निथळायचे.

दुसरा, मिरची तुकड्यांतच. अख्खी मिरची या कमी मिठाच्या मापात चालणार नाही. ज्यांना अख्खीच हवी त्यांच्यासाठी जुनं २०० ग्रॅम मिठाचं माप कायम ठेवावं, आणि तिलाही उभी चीर हवीच.

तिसरा, तेल शेवटी. आतापर्यंत मीठ, लिंबू आणि तेल एकदमच कालवलं जायचं. तेलाने माखलेल्या फोडीत रस हळू शिरतो. आता मिरचीला मीठ आणि लिंबू लावून चोवीस तास झाकून ठेवायचं, सहा-सात वेळा हलवायचं, पीएच मोजायचा आणि मगच लसूण, मोहरी आणि गार झालेली फोडणी.

मीठ १०० ग्रॅम धरलं. १२२० ग्रॅम पाण्यात ते ७.६ टक्के येतं. निथळलेल्या लसणाबरोबर थोडं जास्त पाणी येतं, ते धरूनही ७ च्या वर राहतं. ६४ ग्रॅमवर जायची गटाची इच्छा होती, पण पहिल्या चोवीस तासांत आम्ल आत शिरेपर्यंत भार मिठावरच असतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ते चोवीस तास ३९ अंशांचे असतात. जुन्या मापाच्या निम्मं मीठ झालं, हे आम्हाला पुरेसं वाटतं.

लिंबाऐवजी व्हिनेगर घालावं का, हाही विषय निघाला. ४ टक्के व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल तेवढ्याच पीएचला जिवाणूंना जास्त जड जातं, कारण त्याचा न विघटलेला भाग पेशीत सहज शिरतो. पण लिंबाएवढं आम्ल आणायला २५० ग्रॅम रसाच्या जागी ३७५ ग्रॅमच्या आसपास व्हिनेगर लागेल आणि सगळं जास्तीचं पाणी मीठ पातळ करेल. चवही बदलते. लिंबूच ठेवलं.

२६ एप्रिल

चोवीस तासांचे आकडे, तेलाआधी: मिरचीचे तुकडे ३.८, निथळलेला लसूण तीनदा मोजून ३.४. सीमेच्या आत. तेल घातलं. फोडी दाबून बसवल्या, हवेचे बुडबुडे स्वच्छ कोरड्या सुरीने काढले, वर एक सेंटिमीटर तेल.

१२ मे

नव्या घाण्यातल्या सगळ्या बरण्या ३.६ ते ३.८. एका बरणीचं झाकण फुगलं. पीएच ३.७ असताना फुगलं म्हणजे बहुधा यीस्ट, आणि तेही असं की ज्याला ७ टक्के मीठही चालतं. ते विषारी नसलं तरी बरणी विकायची नाही. कारण शोधताना त्या बरणीच्या झाकणाची आतली चकती ओली भरल्याचं दिसलं. झाकणं आता उन्हात पूर्ण वाळवूनच लावायची, आणि फोडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, कोरडा चमचा वापरा, फोडी तेलात बुडालेल्या ठेवा, हे लेबलवर छापायचं.

प्रत्येक घाण्याच्या वहीत आता चार रकाने: पाण्यातलं मीठ, तेलाआधीचा मिरचीचा पीएच, तेलाआधीचा लसणाचा पीएच, त्या दिवशीचं खोलीचं तापमान. दोन्हींपैकी एकही पीएच ४.० च्या वर असला तर तेल ओतायचं नाही. आणखी लिंबू घालायचं, भांडं फ्रिजमध्ये सरकवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. इथे फ्रिजचा नेमका उपयोग आहे. गारव्यात आम्ल थोडं हळू शिरतं, पण जिवाणूंची वाढ त्याहून कितीतरी जास्त मंदावते. मापात घातलेलं जास्तीचं लिंबू मात्र मिठाच्या रकान्यात पुन्हा मांडायचं. ५० ग्रॅम रस वाढला की ७.६ चे ७.३ टक्के होतात.